वडिलोपार्जित जागेच्या समान वाटणीचे पत्र भावंडांना लिहिताना या चुका टाळा

आमची गावठाणालगतची बिनशेती जागा आई-वडिलांच्या पश्चात ताई, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांच्या नावावर आली. जागा चौकोनी असली तरी तिची एकही बाजू दुसरीला समांतर नाही. समान वाटणीचा प्रस्ताव देणारे पत्र मी दोघांना लिहिले, आणि पोस्टात टाकण्यापूर्वी ते बांधकामाची मोजमापे करणाऱ्या एका स्नेह्याला दाखवले. त्याने पहिल्याच परिच्छेदातल्या क्षेत्रफळावर लाल रेघ मारली. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक त्या मसुद्यात माझ्याच हातून झालेल्या आहेत.

फक्त चार बाजू मोजून क्षेत्रफळ काढणे

जागेच्या कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणू. टेपने मोजलेल्या बाजू अशा होत्या: अब ५२ मीटर, बक ५६ मीटर, कड ३९ मीटर आणि रस्त्याकडची डअ ६३ मीटर. मी गावातल्या चालीप्रमाणे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, म्हणजे ४५.५ आणि ५९.५, आणि त्यांचा गुणाकार करून २,७०७ चौरस मीटर असा आकडा पत्रात लिहिला.

ही रीत आयताला बरोबर लागू पडते. जागा जितकी तिरकस, तितका तिचा आकडा फुगतो. त्याहून मूळचा दोष असा की, चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरतच नाही. चार काठ्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकट केली, तर ती हवी तशी कलंडवता येते. काठ्यांची लांबी बदलत नाही, आतली जागा मात्र कमी-जास्त होते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये हेच सांगितले आहे, आणि कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित फळ विचारणाऱ्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटले आहे; तसे फळ सांगणारा तर त्यांच्या मते त्याहूनही मोठा. त्या हिशेबाने माझा पहिला मसुदा पिशाचाच्याही वरचा होता.

म्हणून पाचवे माप घ्यावे लागते, ते कर्णाचे. आमच्याकडे अ पासून क पर्यंतचे अंतर ६० मीटर भरले. त्याने जागेचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत असल्या की शाळेतले हेरॉनचे सूत्र पुरते:

```
s = (a + b + c) / 2
क्षेत्रफळ = √( s (s−a) (s−b) (s−c) )
```

अबक या त्रिकोणात बाजू ५२, ५६ आणि ६०, म्हणून s ८४ आणि क्षेत्रफळ १,३४४. अकड या त्रिकोणात बाजू ६०, ३९ आणि ६३, म्हणून s ८१ आणि क्षेत्रफळ १,१३४. बेरीज २,४७८ चौरस मीटर. माझा आधीचा आकडा यापेक्षा २२९ चौरस मीटरने, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांनी जास्त होता. या चार बाजूंनी जास्तीत जास्त जेवढी जागा वेढता येते, ती सुमारे २,६८३ चौरस मीटर आहे. म्हणजे माझ्या पत्रातली जागा कोणत्याही आकारात अस्तित्वातच येऊ शकत नव्हती. उलट बाजू याच ठेवून कर्ण ५० मीटर असता, तर क्षेत्र २,१६८ वरच थांबले असते.

दुसरा कर्णही मोजावा. बड हे अंतर ८६ मीटर भरले, आणि त्या बाजूने दोन त्रिकोण करून बेरीज केली तेव्हा २,४७९ आले. एखाद-दुसऱ्या चौरस मीटरचा फरक टेपचा असतो. पन्नास-साठचा फरक आला, तर एखादी बाजू चुकीची वाचली गेली आहे किंवा टेप झुडपावरून वाकून गेला आहे असे समजून पुन्हा मोजावे. माझ्या पहिल्या मोजणीत एक टोक हद्दीच्या दगडाला आणि दुसरे कुंपणाच्या खांबाला लावले गेले होते, आणि ते या पडताळ्यामुळेच लक्षात आले.

दोन्ही बाजूंचे सारखे भाग करून वाटे समान झाले असे मानणे

ही चूक अधिक फसवी आहे, कारण ती न्याय्य दिसते. प्रत्येकाला रस्ता हवा, म्हणून रस्त्याकडची अड बाजू २१-२१ मीटरच्या तीन भागांत तोडली, मागची बक बाजूही तीन सारख्या भागांत तोडली आणि खुणा जोडल्या, की कागदावर तीन सारखेच पट्टे दिसतात. प्रत्यक्षात अब कडचा पट्टा ९३६, मधला ८२६ आणि कड कडचा ७१६ चौरस मीटर होतो. मधला नेमका एक तृतीयांश येतो आणि तोच घात करतो, कारण मधला वाटा पडताळून पाहणाऱ्याला सगळे बरोबर असल्याचा भास होतो. कडेच्या दोघांत मात्र दोन गुंठ्यांहून जास्त फरक पडतो, कारण अब बाजू ५२ मीटर आहे आणि कड केवळ ३९.

समोर प्रत्येकाला २१ मीटर कायम ठेवायचे असतील, तर मागच्या खुणा सरकवाव्या लागतात. आमचा हिशेब असा झाला. एकेकाचा वाटा २,४७८ भागिले ३, म्हणजे ८२६ चौरस मीटर. रस्त्यावर अ पासून २१ मीटरवर प ही खूण केली. अबप हा त्रिकोण अबड या त्रिकोणाच्या बरोबर एक तृतीयांश असतो, कारण दोघांचा पाया एकाच रेषेवर आहे आणि शिरोबिंदू एकच. तो भरतो ५४३. पहिल्या वाट्याला अजून २८३ हवेत, आणि ते पबक या त्रिकोणातून घ्यायचे. पब ५८.२ आणि पक ४५ मीटर मोजले, त्यावरून पबक चे क्षेत्रफळ १,१७९ आले. २८३ हे १,१७९ च्या जितक्या पट, तितकाच भाग ५६ मीटरच्या बक बाजूचा घ्यायचा. म्हणजे ब पासून साधारण १३.४६ मीटरवर मागची पहिली खूण. दुसऱ्या टोकाने हीच रीत वापरली की क पासून २४.७२ मीटरवर दुसरी खूण येते, आणि मधल्याला मागे १७.८२ मीटर उरतात.

हे आकडे पाहून ताईने फोनवर विचारले, “माझ्याकडे मागे चोवीस मीटर आणि तुझ्याकडे तेरा, हे समान कसे?” तिचा प्रश्न रास्त होता, कारण पत्रात मी फक्त रुंद्या दिल्या होत्या. तीच रुंदी त्या बाजूची खोली कमी असल्याची भरपाई आहे, हे वाक्य आणि सोबत हाताने काढलेला नकाशा पत्रात असलाच पाहिजे. वाट्यांमधल्या दोन रेषांची लांबीही नकाशावर टाकावी (आमच्याकडे ४९.८७ आणि ४६.४४ मीटर), म्हणजे कोणीही टेप घेऊन खुंट्या तपासू शकतो.

गुंठा आणि आर यांची गल्लत

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि घरात बोलणे गुंठ्यात चालते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. फरक किरकोळ वाटतो, पण एका भावंडाने आर आणि दुसऱ्याने गुंठे धरले की बेरीज जुळत नाही आणि संशय सुरू होतो. पत्रात चौरस मीटर हेच एक माप ठेवावे आणि गुंठे कंसात द्यावेत.

आमच्या उताऱ्यावर ०.२५.०० लिहिलेले होते, म्हणजे टेपपेक्षा २२ चौरस मीटर जास्त. अशा वेळी उताऱ्याचा आकडा वाटून देणे चूक, आणि आपल्या टेपचा आकडा अंतिम मानणे त्याहून चूक. हद्दीबाबत भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी धरली जाते. म्हणून पत्रात ८२६ हा आकडा अंदाज म्हणून द्यावा आणि हक्क अपूर्णांकात लिहावा.

हिस्से मोजताना माणसे विसरणे आणि प्रस्तावाला वाटणीपत्राची भाषा देणे

मुलींचा हिस्सा “ताईची इच्छा असल्यास” अशा शब्दांत लिहू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. हक्क सोडायचा की नाही, हे ताईने नंतर ठरवायचे. माझ्या पत्राने ते गृहीत धरायचे नाही. आई हयात असेल, तर तिचा हिस्सा धरून मगच भागाकार करावा. जमीन शेतीची असेल, तर तुकडेबंदी कायद्यातल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान वाटे पाडता येत नाहीत, म्हणून पत्राआधी तलाठ्याकडे विचारावे.

“आजपासून हा भाग तुझा” असे वाक्यही टाळावे. त्याने पत्र प्रस्ताव न राहता वाटणीचा दस्त ठरू पाहते, आणि मुद्रांक व नोंदणीशिवाय असा कागद पुढे वाद झाल्यास उपयोगी पडत नाही. मी शेवटी लिहिलेला मजकूर असा होता:

“ती. ताईस सा. न. वि. वि. आणि चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. दोघांनाही हे एकच पत्र पाठवीत आहे. सोबतच्या नकाशाप्रमाणे जागेचे क्षेत्र चार बाजू आणि दोन कर्ण मोजून सुमारे २,४७८ चौरस मीटर (साडेचोवीस गुंठे) येते. प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश असावा व सरकारी मोजणीत जे क्षेत्र निघेल त्याप्रमाणे मागच्या खुणा सरकवाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. मोजणीची फी तिघांनी सारखी द्यावी. वाटे मी पाडले असल्यामुळे आधी ताईने, मग धाकट्याने निवड करावी व उरेल तो वाटा मी घेईन. हा केवळ प्रस्ताव असून तिघांची संमती झाल्यावर रीतसर वाटणीपत्र नोंदवावे.”

ताईने कड कडचा, मागे रुंद असलेला वाटा घेतला. धाकट्याने मधला मागितला, पण त्याआधी स्वतः येऊन प ची खुंटी अ पासून मोजली, ती २०.९ मीटरवर होती, ती आम्ही दहा सेंटीमीटर सरकवली.