दीड तासाचा इंग्रजी पॉडकास्ट, शंभरेक शब्दांचा मराठी सारांश आणि तीन मुद्दे

पॉडकास्टचा सारांश म्हणून मराठीत जे फिरतं, त्यातलं बरंचसं वाचून हाती काहीच लागत नाही. ‘मिठाच्या अतिसेवनावर सविस्तर चर्चा झाली’, ‘डॉक्टरांनी आहाराचं महत्त्व पटवून दिलं’. झाली ना चर्चा, पण ठरलं काय? कोणी काय करायचं? खाली दिलेली पद्धत मी आरोग्यावरच्या गप्पांसाठी वापरतो. शेती, पैसा, शिक्षण अशा विषयांनाही ती चालते.

उदाहरण म्हणून एक भाग कल्पू. अमेरिकेतला पॉडकास्ट, पाहुणा हृदयरोगतज्ज्ञ, विषय पर्यायी मीठ, म्हणजे ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं ते. दीड तासाच्या गप्पांचे साधारण तेरा-चौदा हजार शब्द होतात. पॉडकास्ट काल्पनिक असला, तरी त्यात ज्या अभ्यासाची चर्चा होते तो खरा आहे.

मजकूर हातात घेणं

पॉडकास्टच्या स्वतःच्या पानावर ट्रान्सक्रिप्ट असेल तर तीच घ्या, कारण ती माणसानं तपासलेली असण्याची शक्यता जास्त असते. नसेल तर यूट्यूबवर व्हिडिओखालच्या माहितीत `Show transcript` मिळतं. सगळं एका फाइलीत चिकटवा. जाहिराती काढा, शेवटचे आभार काढा. सुरुवातीचा तो चटकदार तुकडाही काढा. तो मधल्याच गप्पांतून उचललेला असतो, मागचापुढचा संदर्भ सोडून.

वेळेचे आकडे मात्र काढू नका. ‘मजकूर स्वच्छ करा’ म्हणून ते पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. पुढे एखादा आकडा पडताळायला मूळ आवाज ऐकायची वेळ आली, की दीड तासात ती जागा कुठे शोधणार?

आपोआप तयार झालेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये कोण बोलतंय ते बहुतेकदा नसतं. समासात ‘प्र’ आणि ‘पा’ लिहीत चला: प्रश्न विचारणारा आणि पाहुणा. याच फेरीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘हायपर’ आणि ‘हायपो’, ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ अशा जागांवर खूण करा आणि तेवढ्याच ऐकून घ्या. यंत्र नेमकं तिथेच चुकतं.

तीन मुद्दे निवडणं

अवघड काम एवढंच आहे. बाकी सगळी हमाली.

आधी दोन सल्ले बाजूला ठेवा. पहिला, ‘जे सर्वांत जास्त वेळा आलं ते महत्त्वाचं’. बोलणारा माणूस विरोधकांचं म्हणणं दहा मिनिटं समजावतो आणि मग दोन वाक्यांत खोडून काढतो. मोजणी केली तर खोडलेलं मतच जिंकेल. दुसरा, ‘भागाचे तीन तुकडे पाडा, प्रत्येकातून एक मुद्दा घ्या’. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पाहुण्याचं बालपण आणि कॉलेज चालतं. त्यातून मुद्दा काढायला गेलात तर ‘त्यांना लहानपणापासून विज्ञानाची आवड होती’ हे तुमचं पहिलं सूत्र होईल.

त्याऐवजी मजकूर एकदा नुसता वाचा. दुसऱ्या वाचनात पाहुण्यानं ठामपणे केलेली विधानं उचला आणि प्रत्येक विधान मराठीत, क्रियापदासकट, पूर्ण वाक्यात लिहा. ‘मीठ आणि रक्तदाब’ हा विषय झाला, मुद्दा नव्हे. ‘मिठातलं सोडियम कमी केल्यावर रक्तदाब उतरतो’ हा मुद्दा. अशी आठ-दहा वाक्यं जमतात. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: कोणाबाबत, किती, कोणत्या अटीवर? निम्मी वाक्यं इथेच गळतात.

आपल्या उदाहरणात पाहुणा एका मोठ्या अभ्यासाबद्दल बोलतो. चीनमधली ६०० खेडी, सुमारे २१ हजार माणसं. निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना तीन हिस्से सोडियम क्लोराइड आणि एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ. जवळपास पाच वर्षं पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पर्यायी मीठ खाणाऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. यावर प्रश्न विचारणारा खुशीत म्हणतो, म्हणजे नुसतं मीठ बदललं की पक्षाघाताचा धोका १४ टक्क्यांनी खाली! पाहुणा म्हणतो, ‘येस, नो, आय मीन, इन दॅट पॉप्युलेशन…’ आणि गप्पा पुढे सरकतात.

इथेच सारांश फसतात. प्रश्नकर्त्याचं वाक्य आटोपशीर असतं, मथळ्यासारखं. पाहुण्याचं अर्धवट, अडखळतं. लिहिणारा आटोपशीर वाक्य उचलतो आणि पाहुण्याच्या नावावर खपवतो. म्हणून तर मघाशी ‘प्र’ आणि ‘पा’ लिहायला सांगितलं. ‘प्र’च्या तोंडचं एकही विधान मुद्दा म्हणून घ्यायचं नाही, पाहुण्यानं होकार दिलाय असं वाटलं तरी. ‘येस, नो’ हा होकार नसतो. तिथून पुढची पाच-सहा वाक्यं वाचायची.

ती वाचली की तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात. कोणाबाबत? ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, किंवा जे साठीच्या पुढचे होते आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. धडधाकट तिशीतली माणसं त्यात नव्हतीच. किती? नेहमीच्या मिठाच्या गटात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ जणांना पक्षाघात झाला, पर्यायी मिठाच्या गटात सुमारे २९ जणांना. १४ टक्के म्हणजे हेच, हजारात पाचेक जणांचा फरक. दोन्ही आकडे खरे आहेत, पण नुसते टक्के वाचणारा मनात शंभरातले चौदा धरतो. टक्के द्यायचे तर शेजारी हजारी आकडाही द्या. कोणत्या अटीवर? मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

आता ‘मीठ बदला, पक्षाघात टाळा’ आणि ही माहिती शेजारी ठेवून बघा. पहिलं वाक्य डायलिसिसवर असलेल्या कुणाच्या काकांच्या फोनवर पोचलं तर काय होईल? अट हा तळटिपेचा मजकूर नाही. ती मुद्द्याच्या वाक्यातच बसली पाहिजे. मावत नसेल तर तिला स्वतंत्र मुद्दा करा. इथे मी तेच करतो.

उरलेल्या वाक्यांतून तीन निवडताना बघायचं, की एकच मुद्दा दोनदा वेश बदलून आलेला नाही ना. ‘मीठ कमी खा’ आणि ‘जास्त मीठ अपायकारक’ हे एकच आहे. एक खोडून बघा, काही हरवलं नाही तर ते नकोच होतं. पाहुण्यानं सांगितलेला आजीच्या लोणच्याचा किस्सा कितीही रंगला असला तरी तो मुद्दा नव्हे. सारांशात त्याला अर्धं वाक्य मिळालं तरी पुष्कळ.

कधीकधी दोनच मुद्दे दमदार निघतात आणि तिसरा ओढूनताणून आणावा लागतो. अशा वेळी ‘जीवनशैली बदलणं गरजेचं आहे’ असलं काही लिहायचं नाही. पाहुण्यानं ‘हे अजून आम्हाला माहीत नाही’ असं कुठे म्हटलंय ते शोधा. जाणता माणूस दीड तासात एकदा तरी तसं म्हणतोच, आणि तो बहुधा भागातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा असतो. आपल्या भागात तो तरुण, निरोगी लोकांबद्दल आहे.

लिहिणं

ट्रान्सक्रिप्ट बंद करा आणि निवडलेल्या वाक्यांवरून एका बैठकीत लिहा. ती समोर असली की वाक्यं इंग्रजीच्या चालीनं पडतात. लिहून झालं की परत उघडा आणि प्रत्येक आकडा वेळेप्रमाणे ताडून घ्या.

मिठाच्या विषयात एक खास खड्डा आहे. अमेरिकी पाहुणे मिठात नाही, सोडियममध्ये बोलतात. ‘दिवसाला २००० मिलिग्रॅम’ म्हणजे २ ग्रॅम मीठ नव्हे. १ ग्रॅम सोडियम सुमारे अडीच ग्रॅम मिठातून येतं, म्हणजे हे ५ ग्रॅम मीठ झालं, जेमतेम एक चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादाही हीच, त्याहून कमी खा म्हणते. मराठी वाचकाला चमचा कळतो, सोडियम नाही. म्हणून मिठात रूपांतर करूनच द्या.

स्वतःची भर घालायची असेल तर ती वेगळी दिसू द्या. अमेरिकेत बहुतेक सोडियम पाकीटबंद आणि हॉटेलच्या खाण्यातून पोटात जातं. त्या चिनी खेड्यांत ते घरच्या स्वयंपाकातून जात होतं, बरंचसं आपल्याकडच्यासारखंच. ही तुलना वाचकाच्या कामाची आहे, पण पाहुण्यानं ती केली नसेल तर ‘सारांशकाराची टीप’ म्हणून खाली एका ओळीत. त्याच्या तोंडी नको.

तयार झालेला मजकूर असा दिसतो:

> हृदयरोगतज्ज्ञ पाहुण्याशी पर्यायी मिठावर दीड तास गप्पा. नेहमीच्या मिठातल्या सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलं तर काय होतं, हा मुख्य प्रश्न. भर चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासावर आहे. हे मीठ कोणी टाळावं यावरही पाहुणा स्पष्ट बोलतो.
>
> १. पक्षाघात होऊन गेलेल्या, किंवा साठीपुढच्या आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्या लोकांत पर्यायी मीठ खाणाऱ्यांना पक्षाघात कमी झाला: वर्षाला हजारी सुमारे ३४ ऐवजी २९. (३८:१०)
>
> २. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये. (५२:४०)
>
> ३. तरुण, निरोगी माणसाला याचा किती फायदा होतो, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. (१:०७:२५)

‘कमी झाला’ हे भूतकाळात आहे, मुद्दाम. त्या लोकांत तसं आढळलं, एवढंच पाहुणा म्हणाला. ‘कमी होतो’ लिहिलं की ते सगळ्यांना लागू असल्यासारखं वाचलं जातं.

कंसातल्या वेळा शेवटपर्यंत राहू द्या, ज्याला शंका असेल तो तिथे जाऊन ऐकेल. आणि कुणी ‘अजून छोटं करा’ म्हणालं, तर वरचा परिच्छेद पूर्ण उडवा. तिन्ही मुद्द्यांतला एक शब्दही कमी करू नका.