ओपन पॉलिसीची रक्कम संपत आली तेव्हा

चाकणहून माल पाठवतो. एप्रिलमध्ये मरीन ओपन पॉलिसी, म्हणजे गाड्यांनी जाणाऱ्या मालाचा वर्षभराचा एकच विमा, घेताना वार्षिक उलाढाल १२ कोटी धरली, विमा रक्कमही तेवढीच. नोव्हेंबरअखेर डिक्लेरेशनची, म्हणजे विमा कंपनीला कळवलेल्या मालाच्या किमतीची, बेरीज १०.८ कोटी झाली, म्हणजे महिन्याला १.३५ कोटी. उरलेले १.२ कोटी डिसेंबरही पुरणार नव्हते आणि रक्कम संपली की पुढच्या गाड्या विम्याबाहेर! मार्चपर्यंत चार महिन्यांचे ५.४ कोटी लागणार होते, म्हणजे ४.२ कोटी कमी पडत होते. भरपूर फट ठेवून मी ६ कोटी वाढवायचा अर्ज केला. सोबत महिनावार डिक्लेरेशन आणि क्लेमचा तपशील जोडला. जादा प्रीमियम लगेच भरला, कारण वाढ मागच्या तारखेने मिळत नाही. एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, हाती आल्यावर पाहिलं, तर प्रति गाडी मर्यादा जुनीच, २५ लाख! ती वेगळी मागावी लागली.