टिपांमधलं इबिड, ऑप. सिट. आणि सीएफ: कुठे वापरायचं, कुठे टाळायचं

तळटिपांत इबिड लिहिणं सोपं असतं. अवघड असतं ते पुस्तक छापून येईपर्यंत ते बरोबर राखणं. म्हणून एक उदाहरणच घेऊ. यातली नावं आणि शीर्षकं रचलेली आहेत.

१. देशपांडे, नकाशे आणि माणसं: भूमापनाचा इतिहास, पृ. ४५.
२. इबिड., पृ. ५२.
३. कर्णिक, सीमारेषांचं मोजमाप, पृ. १८.
४. देशपांडे, ऑप. सिट., पृ. ६०.

इथवर सगळं ठीक आहे. इबिड म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलाच संदर्भ. मराठी प्रबंधांत आपण ‘तत्रैव’ लिहितो तोच. पृष्ठही तेच असेल तर नुसतं इबिड पुरतं, वेगळं असेल तर नवा पृष्ठक्रमांक द्यायचा. ऑप. सिट. म्हणजे आधी कुठेतरी येऊन गेलेला ग्रंथ. मध्ये दुसरा संदर्भ आल्यामुळे चौथ्या टिपेत इबिड चालत नाही, आणि ऑप. सिट.च्या आधी लेखकाचं नाव द्यावंच लागतं.

आता पहिल्या आणि दुसऱ्या टिपेच्या मध्ये एक नवी टीप घाला: साने, जमिनीची कागदपत्रं, पृ. ९. वर्ड टिपांचे क्रमांक आपोआप बदलेल, पण इबिड हा शब्द जसाच्या तसा राहील. देशपांड्यांचं म्हणणं आता सान्यांच्या नावावर जमा झालं. मुद्रितशोधकालाही यात काही खटकणार नाही, कारण वाक्य निर्दोष दिसतं. चूक कळते ती सान्यांचं पृष्ठ ५२ उघडून पाहणाऱ्या वाचकालाच.

नव्या टिपेत दोन संदर्भ असते तर इबिड नेमकं कोणत्या ग्रंथाबद्दल आहे, हेच कळलं नसतं. म्हणून आधीच्या टिपेत एकच संदर्भ असेल तरच इबिड वापरायचं.

ऑप. सिट.चं दुखणं वेगळं आहे. पुढे देशपांड्यांचं दुसरं पुस्तक आलं की ‘देशपांडे, ऑप. सिट.’ यातलं कोणतं पुस्तक, हे सांगता येत नाही. आणि पुस्तक एकच असलं तरी पूर्ण संदर्भ साठ टिपा मागे असेल, तर वाचकाने तिथपर्यंत पानं उलटत जायची. माझ्या मते ऑप. सिट. वापरण्याचं आज काही कारण उरलेलं नाही.

म्हणून लिहितानाच ही पद्धत ठेवा. ग्रंथ पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण तपशील द्या. त्यानंतर प्रत्येक वेळी आडनाव, संक्षिप्त शीर्षक आणि पृष्ठ:

देशपांडे, नकाशे आणि माणसं, पृ. ६०.

शीर्षक आखडताना उपशीर्षक गाळा, मुख्य शब्द चारच्या आत ठेवा, पण त्यांचा क्रम बदलू नका. ‘भूमापनाचे नकाशे’ असं स्वतःचं शीर्षक बनवलं तर ग्रंथसूचीत ते कुणालाही सापडणार नाही. अशी संक्षिप्त टीप कुठेही हलवली तरी तिचा अर्थ बदलत नाही.

‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या अमेरिकी लेखन-नियमावलीने 2017च्या सतराव्या आवृत्तीत इबिडऐवजी असेच संक्षिप्त संदर्भ पसंत केले. इबिडने जागा वाचते म्हणावं, तर टीप बहुतेकदा एकाच ओळीची असते. ओळ दोन्हीकडे तेवढीच जाते. शिवाय ई-पुस्तकात टिपेवर बोट ठेवलं की तेवढीच टीप उघडते. तिथे इबिड दिसलं तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. एकाच ग्रंथाच्या टिपा ओळीने येत असतील आणि शीर्षक पुन्हा पुन्हा लिहिणं कंटाळवाणं वाटत असेल, तर ‘देशपांडे, ५२’ एवढंही शिकागोला चालतं.

विद्यापीठाची किंवा प्रकाशकाची नियमावली इबिडच मागत असेल, तर ते अगदी शेवटी, मजकूर गोठल्यावर घाला. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या टिपेत मात्र ते नको.

सीएफची गोष्ट निराळी. त्याचा संदर्भ आखडण्याशी संबंधच नाही. ते वाचकाला ‘तुलना करा’ असं सांगतं. तरी ‘पाहा’ म्हणायच्या जागी ते सर्रास टाकलं जातं. तुमच्या विधानाला थेट आधार देणारा ग्रंथ असेल तर ‘पाहा’ लिहा. वेगळं मत किंवा वेगळी आकडेवारी देणारा ग्रंथ शेजारी ठेवायचा असेल तेव्हाच सीएफ. कायद्याच्या लेखनात ‘ब्लूबुक’ ही अमेरिकी संदर्भ-नियमावली त्याला आणखी नेमका अर्थ देते: विधान वेगळं, पण साधर्म्याने आधार देणारं. तिथे त्या पुस्तकाचाच नियम पाळा. इतरत्र सीएफनंतर काय ताडून पाहायचं ते अर्ध्या वाक्यात सांगा:

सीएफ. कर्णिक, सीमारेषांचं मोजमाप, पृ. १८, तिथे हीच मोजणी दहा वर्षं आधीची धरली आहे.