लांब तक्ता, चार स्लाइड

आमच्या दादरच्या सोसायटीत ७ मजले, मजल्यावर ६ फ्लॅट, म्हणजे थकबाकीच्या तक्त्यात ४२ ओळी. पॉवरपॉइंटमध्ये तो पेस्ट केला की खालच्या ओळी स्लाइडबाहेर लोंबतात. वर्डसारखा तो आपोआप पुढच्या पानावर जात नाही. 'Header Row' च्या खुणेनेही शीर्षक पुढे उमटत नाही, ती फक्त पहिल्या ओळीचा रंग बदलते.

म्हणून आधी पूर्ण तक्ता एकाच स्लाइडवर ठेवून रकान्यांची रुंदी आणि अक्षरांचा आकार पक्का करा. मग डावीकडे स्लाइड निवडून Ctrl+D तीनदा दाबा. आता चारही प्रतींवर शीर्षकाची ओळ आहेच; प्रत्येकीवर हव्या तेवढ्याच ओळी ठेवून बाकीच्या Delete Rows ने काढा. रुंदी सगळीकडे सारखीच राहिल्यामुळे स्लाइड बदलताना रकाने उड्या मारत नाहीत.

तोडायचं कुठे? ४२ भागिले ४ करू नका, एखादा मजला मधेच कापला जाईल. दोन-दोन मजले घ्या: १२, १२, १२ आणि शेवटी ६. शेवटची स्लाइड रिकामी दिसली तर दिसू दे, एकूण बेरीज तिथेच बसते. मथळ्यात 'थकबाकी: मजला ३–४ (२/४)' असं लिहा आणि अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू करू नका. पहिली स्लाइड १२ वर संपली की दुसरी १३ ने सुरू व्हायला हवी. तसं नसेल तर ओळ गळलीय किंवा दोनदा आलीय.