टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात घेण्याआधी: चाळिशीनंतरच्या पुरुषांनी या चुका टाळा

हल्ली चाळिशी-पन्नाशीतले बरेच पुरुष ओपीडीत रिपोर्ट घेऊनच येतात. कंपनीच्या किंवा लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन असतं, आकड्यापुढे 'लो' लिहिलेलं असतं, आणि माणूस खुर्चीत बसायच्या आत विचारतो, "डॉक्टर, इंजेक्शन सुरू करू या का?" नेमका काय त्रास होतोय, हे त्याला आधी कोणी विचारलेलंच नसतं.

तीन वेगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधणं

थकवा, इच्छा न होणं आणि ताठरता न टिकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस मात्र तिन्हींना मिळून 'कमजोरी' म्हणतो आणि पुढे काही बोलत नाही. म्हणून मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. मनात इच्छा येते का? पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? आणि संबंधाच्या वेळी काय होतं?

युरोपात 40 ते 79 वयाच्या 3,369 पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला आणि 2010 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी खरी सांगड बसली ती तीन लक्षणांची: पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि रक्तातलं कमी प्रमाण असे दोन्ही निकष लावले, तेव्हा त्यात बसणारे पुरुष साधारण 2 टक्के निघाले. नुसता थकवा आहे म्हणून टेस्टोस्टेरॉन तपासणं मला पटत नाही. त्या माणसाचं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-12 आधी बघा. तो घोरतो का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हे त्याच्या बायकोला विचारा. मन उदास आहे का, तेही विचारा.

इच्छा शाबूत आहे, पहाटेची ताठरताही आहे, अडचण फक्त ठरावीक वेळी येते, अशा माणसाचं मूळ बहुधा ताणात किंवा मनातल्या धास्तीत असतं. इच्छा आहे, पण ताठरता सगळीकडेच हळूहळू कमी होत चालली आहे, तर रक्तवाहिन्यांचा संशय घ्या. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे तिथला त्रास छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच दिसू शकतो. अशा माणसाचं बीपी, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉन न बघता त्याला ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी देऊन घरी पाठवणं म्हणजे मिळालेली सूचना वाया घालवणं. शिवाय तो छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असेल किंवा कुठलंही नायट्रेट घेत असेल, तर सिल्डेनाफिल अजिबात नको. दोन्ही एकत्र गेली की बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं. मेडिकलच्या काउंटरवरून चार गोळ्या मागून नेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

इच्छाच आटली आणि पहाटेची ताठरताही गेली, तर मात्र टेस्टोस्टेरॉन तपासायला अर्थ आहे. अंगावरचे, दाढीचे केस विरळ होणं, छाती स्तनासारखी वाढणं, किरकोळ पडण्याने हाड मोडणं, अंडकोषाला जुनी इजा किंवा मोठेपणी गालगुंड होऊन आलेली सूज, बराच काळ अफूजन्य वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड घेणं, यांपैकी काही सोबत असेल तर तपासणी नक्कीच करा.

दुपारी रक्त देणं

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. जेवल्यावरही ते कमी होतं. त्यामुळे नमुना उपाशीपोटी, सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, नीट झोप झाल्यावरच द्यायचा. ताप, ऑपरेशन किंवा दवाखान्यात भरती असताना तर तपासूच नका, कारण आजारपणात ते तात्पुरतं घसरतंच.

आमच्याकडे एमआयडीसीतून एक मशीन ऑपरेटर आले होते, वय 41. रात्रपाळी उरकून, दुपारी जेवून, चार वाजता त्यांनी रक्त दिलं होतं. आकडा आला 238 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची संघटना 300 च्या खाली कमी मानते, एंडोक्राइन सोसायटी 264 च्या खाली, म्हणजे कुठल्याही मापाने हा आकडा कमीच. आम्ही काहीच सुरू केलं नाही. पहिली पाळी लागली, चार-पाच रात्री सलग झोप झाली, मग सकाळी आठला उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी 402. रात्रपाळीच्या दिवसांत ते दिवसा जेमतेम चार तास झोपत होते. थकव्याचं कारण तिथेच होतं.

म्हणून एका आकड्यावर निदान करायचं नाही. पहिला कमी आलेल्यांपैकी साधारण 30 टक्के पुरुषांचा दुसरा आकडा नॉर्मल येतो. वेगळ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आणि एकक वाचा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, तिथला 3.8 म्हणजे 380, घाबरायचं कारण नाही.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, काही मशिनवर त्याने रिपोर्ट चुकतो.

पित्ताची कॅप्सूल 'औषध' म्हणून न सांगणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती आपल्याकडे घरोघरी आहे.

46 वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह आले. जवळपास वर्षभर इच्छा नाही, पहाटेची ताठरता नाही, संध्याकाळी आले की सोफ्यावर पडून राहायचं. सकाळचे दोन्ही रिपोर्ट नियमाप्रमाणे घेतलेले: 214 आणि 226. साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. दुसरीकडे कुठेतरी त्यांना इंजेक्शन सुचवलेलं होतं आणि त्यांना ते त्याच दिवशी हवं होतं.

मी विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?"

"बीपीची एक. बाकी काही नाही."

पत्नी म्हणाल्या, "अहो, ती सकाळची पित्ताची कॅप्सूल?"

"ती काय औषध आहे का? ती तर रोजचीच आहे."

दीड वर्षापूर्वी जळजळ होत होती म्हणून कोणीतरी लिहून दिलेली आणि मग मेडिकलमधून परस्पर आणत राहिलेली ती कॅप्सूल रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइडची होती. यातलं रॅबेप्राझोल आम्ल कमी करतं, त्याचा इथे प्रश्न नाही. लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल वाढवायला घातलेलं असतं आणि ते डोपामिनचा परिणाम अडवतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं, आणि त्याला लगाम असतो डोपामिनचा. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूकडून अंडकोषांना जाणारा एलएच या हार्मोनचा इशारा मंद करतं. इशारा नाही, म्हणून टेस्टोस्टेरॉन तयार होत नाही. अंडकोष धडधाकट असूनही आकडा खाली जातो, आणि इच्छा तर प्रोलॅक्टिन स्वतःच मारतं. डोमपेरिडोन असलेल्या कॅप्सूलनेही प्रोलॅक्टिन असंच वाढतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांचंही तेच.

त्यांचं प्रोलॅक्टिन 78 आलं. पुरुषात ते साधारण 15-20 च्या आत असतं. एलएच 1.8, म्हणजे टेस्टोस्टेरॉन एवढं खाली असताना जे वर जायला हवं होतं तेच खाली. कॅप्सूल बदलून साधं पॅन्टोप्राझोल दिलं, तेही थोड्या दिवसांसाठी, आणि रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणायला सांगितलं. पाच आठवड्यांनी प्रोलॅक्टिन 11, टेस्टोस्टेरॉन 431. त्याआधीच पत्नीने फोन करून सांगितलं होतं की फरक आहे.

त्या दिवशी इंजेक्शन दिलं असतं तर आकडा सुधारलाच असता, पण प्रोलॅक्टिन तसंच राहिलं असतं आणि कारण झाकलं गेलं असतं. औषध बंद करूनही प्रोलॅक्टिन चढंच राहिलं, तर पिट्युटरीचा एमआरआय करावा लागतो, कारण तिथे गाठ असू शकते. डोकं दुखत असेल, बाजूचं दिसेनासं झालं असेल किंवा टेस्टोस्टेरॉन 150 च्याही खाली असून एलएच वाढलेलं नसेल, तर एमआरआयसाठी वाट बघण्यातही वेळ घालवू नये.

माझी सवय साधी आहे. पेशंटला सांगतो की घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून आणा: पित्ताच्या, झोपेच्या, केसांच्या, जिमवाल्याने दिलेल्या पावडरी, शिलाजित, सगळं. आठवून सांगितलेल्या यादीवर मी विश्वास ठेवत नाही. मात्र बीपीची किंवा डिप्रेशनची गोळी इच्छेवर परिणाम करते असं वाचून ती परस्पर बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

पोटाचा घेर न बघता आकडा बघणं

रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. लठ्ठपणात आणि टाइप-2 मधुमेहात हे प्रथिन कमी होतं, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो, पण शरीराला वापरता येणारा मोकळा भाग पुरेसा असू शकतो. आकडा सीमेवर असेल तर एसएचबीजी तपासून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढून घ्या. लॅबची स्वस्तातली थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' चाचणी भरवशाची नाही. वजन उतरलं की आकडाही चढतो, पण त्याला महिने लागतात. ज्यांना पंधरा दिवसांत निकाल हवा असतो ते इथेच कंटाळतात.

अजून मूल हवं आहे का, हे न विचारता इंजेक्शन घेणं

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू एलएच आणि त्याच्या जोडीचं एफएसएच हे हार्मोन पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू बनणं घटतं, अनेकदा शून्यावर येतं. एका जोडप्याची दुसऱ्या बाळासाठी धडपड चालली होती आणि नवरा 'ताकदीसाठी' जिमच्या ओळखीतून इंजेक्शन घेत होता. वीर्य तपासलं तर एकही शुक्राणू नाही. इंजेक्शन थांबवल्यावर ते परत आले, पण जवळपास दहा महिने गेले, आणि पत्नीचं वय तेव्हा 38 होतं. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी वेगळे उपचार असतात, ते एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे किंवा वंध्यत्वाच्या तज्ज्ञाकडे विचारा.

खरोखर गरज असलेल्या माणसाला टेस्टोस्टेरॉन द्यायला माझा विरोध नाही, त्याला त्याचा फायदा होतो. मात्र सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी, हवंच. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला नसावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेला तर डोस थांबवायचा, कारण रक्त दाट होऊन गुठळीचा धोका वाढतो.