‘म्हैस’मधला म्ह व्हिडिओत कसा दाखवाल

कोल्हापूरच्या पोराला म्हैस ओळखीची, म्हणून जोडाक्षरांची सुरुवात ‘म्ह’पासून करा. आधी पूर्ण म दाखवा: डावीकडची गाठ, आडवी रेघ, मग वरून खाली दंड. आता दंड लाल करून पुसा. उरलेल्या अर्ध्या म ला ह येऊन चिकटू दे. शिरोरेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला ठिपका ठेवा, पुढे बाण सरकवा आणि पाचेक सेकंद थांबा.

अक्षर डावीकडून नुसतं उघडत नेणारा तयार इफेक्ट टाळा. त्यात शिरोरेघही सोबतच उमटते. मूल हवेत गिरवताना आधी वरची रेघ ओढत असेल, तर घोळ तिथेच आहे.

‘कोल्हापूर’मधला ल्ह नंतर घ्या. काही फॉन्टांत दंडाचा ल येतो, मुलं मात्र पाकळीचा गिरवतात.