फळ्यावरचे पायथागोरस स्लाइडवर

दहावीच्या भूमितीची माझी अनेक वर्षांची टिपणे फळ्यासाठीच लिहिलेली होती. आकृती एकदा काढायची आणि सिद्धता तिच्या शेजारी ओळीओळीने उतरवायची. पायथागोरसच्या प्रमेयाचे असे पान जसेच्या तसे स्लाइडवर घेतले, तर मोबाइलवर अक्षर वाचता येत नाही आणि निष्कर्षही आधीच दिसून जातो. म्हणून मी केवळ आकृतीची एक स्लाइड केली, तिच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक प्रतीत मागच्यापेक्षा एकच पायरी वाढवली. पहिलीत B या काटकोनातून कर्णावर BD हा लंब टाकला; दुसरीत △ADB रंगवून, तो △ABC शी समरूप असल्याने AB² = AC × AD लिहिले; तिसरीत △BDC वरून BC² = AC × DC; चौथीत बेरीज, आणि AD + DC = AC असल्याने AB² + BC² = AC². प्रतींमुळे आकृती जागची हलत नाही, त्यामुळे नवी ओळ फळ्यावर उमटल्यासारखी वाटते. ॲनिमेशन मुद्दाम टाळले, कारण पीडीएफ केल्यावर त्याचे टप्पे सहसा एकाच पानावर गोळा होतात, आणि मुले तर पीडीएफच मागतात. पिवळा खडू मात्र पांढऱ्या स्लाइडवर दिसेना. तेथे गडद निळा घेतला.